सहलीचं अंदाजपत्रक

सातवीच्या वर्गात विचारून पाहा, ‘आपल्या सहलीला किती खर्च येईल?’ पहिल्या बाकावरून उत्तर येतं, ‘शंभर रुपये.’ शेवटच्या बाकावरून येतं, ‘दहा हजार.’ दोघांपैकी कोणीच चुकलेलं नसतं. एकाने स्वतःपुरता विचार केलेला असतो, दुसऱ्याने सगळ्या वर्गाचा. हा खर्च कोणाचा, किती जणांचा आणि कशाकशाचा, हे ठरल्याशिवाय ‘किती’ला उत्तरच नाही. वर्गाच्या सहलीचं अंदाजपत्रक मुलांकडूनच करून घ्यायचा उपक्रम इथून सुरू होतो.

अनेक शाळांत हा उपक्रम होतो, पण बहुतेक ठिकाणी तो अर्ध्यावर थांबतो. मुलं छान कोष्टक करतात, शिक्षक त्यावर सही करतात, सहल होते आणि ते कोष्टक फळ्यामागच्या कपाटात जातं. माझ्या मते खरा धडा सहलीहून परत आल्यावरचा आहे. अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडले आणि प्रत्येक ओळीतल्या फरकाचं कारण शोधलं, तरच मुलांना अंदाज बांधता येऊ लागतो. ते कसं, हे एका उदाहरणातून पाहू. आकडे उदाहरणापुरतेच आहेत, तुमच्या गावचे भाव वेगळे असणारच.

साताऱ्यातल्या एका शाळेचा सातवीचा वर्ग धरू. ३८ मुलं आणि दोन शिक्षक जानेवारीत मेणवलीला जायचं ठरवतात. साताऱ्याहून वाई सुमारे ३५ किलोमीटर, आणि वाईच्या पुढे अगदी जवळ मेणवली. तिथे कृष्णेचा घाट आहे आणि नाना फडणविसांचा वाडा आहे. पेशवाईचा जमाखर्च ज्या फडणिशीच्या हाताखाली चाले, तिच्या कारभाऱ्याच्या गावी हिशेबाची वही घेऊन जाणं मला फार आवडतं. मुलं दुपारचा डबा घरून आणणार. वर्गाने करायचा खर्च म्हणजे बस, सकाळची केळी, पिण्याचं पाणी, दुपारी घाटावर भेळ आणि लिंबू सरबत, शिवाय प्रथमोपचार, कचऱ्याच्या पिशव्या आणि खेळाचं थोडं सामान.

बसचा अंदाज सोपा. दोन-तीन ठिकाणी विचारायचं आणि भाडं लिहून घ्यायचं. ६,४०० रुपये ठरले. मुलांची बुद्धी खरी लागते ती भेळेला.

‘भेळ, ५०० रुपये’ असं एका ओळीत लिहिलं, तर तो अंदाज नाही, ती अटकळ आहे. ती चुकली तर का चुकली हे कधीच कळत नाही, कारण तिच्या आत भाव किती आणि माल किती हे दिसतच नाही. म्हणून आधी वर्गात एक ताटली भेळ करायची. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणायचा आणि प्रत्येक जिन्नस घालण्याआधी मोजायचा. आपल्या वर्गात एका ताटलीला ३० ग्रॅम कुरमुरे आणि ३० ग्रॅम फरसाण लागलं. कांदा, टोमॅटो, उकडलेला बटाटा मोजून झाला. खाणारे ४०, पण भेळ एका ताटलीवर थांबत नाही. निम्मे तरी पुन्हा घेतील, काही जण तिसऱ्यांदाही, असं धरून मुलांनी ६० ताटल्यांचा हिशेब केला. कुरमुरे १,८०० ग्रॅम आणि फरसाणही तेवढंच. दुकानात घेताना दोन्ही दोन-दोन किलो.

आता भाव. तो घरी विचारायचा नाही, दुकानात जाऊन लिहून आणायचा. कुरमुरे ८० रुपये किलो, फरसाण २०० रुपये किलो. म्हणजे अंदाजपत्रकात फरसाणाची ओळ ‘२ किलो × २०० = ४००’ अशी होते. नग किंवा वजन, दर आणि रक्कम असे तीन रकाने प्रत्येक ओळीला हवेत. एवढा एक नियम पाळला की पुढचं सगळं शक्य होतं. भाज्या, चिंच-गुळाची चटणी, कोथिंबीर, मिरची धरून भेळ ९०० रुपयांवर गेली.

सरबतासाठी माणशी दोन पेले, म्हणजे ८० पेले. पेल्याला अर्धं लिंबू म्हणजे ४० लिंबं, पाच रुपयाला एक. साखर पेल्याला २० ग्रॅम, म्हणून दोन किलो. मीठ धरून ३०० रुपये. पाण्याचे दोन जार, चार डझन केळी आणि बाकीचं सामान मिळून बेरीज ८,१०० झाली.

इथे मुलं साधारणपणे विचारतात, ‘सर, थोडे जास्त धरूया का?’ धरायचे, पण प्रत्येक ओळीत चोरून वाढवायचे नाहीत. प्रत्येक जण आपापल्या ओळीत थोडं थोडं फुगवतो, मग खरा अंदाज कोणता आणि भीती कोणती हे वेगळं करता येत नाही. त्यासाठी शेवटी एकच उघडी ओळ ठेवायची, आकस्मिक खर्च. वर्गाने विचार केला की बसचं भाडं ठरलेलं आहे, तिथे गडबड नाही. गडबड झालीच तर उरलेल्या १,७०० रुपयांत होईल. म्हणून ४०० रुपये धरले. एकूण ८,५००. ३८ मुलांत भागले तर २२३ रुपये आणि वर काही पैसे. वर्गणी ठरली २२५. जमा ८,५५०. ज्यांना ती जड जाते त्यांची सोय शाळेने आधी आणि गुपचूप करायची. कोणी किती दिले ही यादी वर्गात कधीही वाचायची नाही. वर्गासमोर एकूण जमेचाच आकडा ठेवायचा.

मग हे अंदाजपत्रक शाईने लिहायचं, तारीख घालायची आणि त्यानंतर त्यात खाडाखोड करायची नाही. या नियमाला मुलं सर्वांत जास्त विरोध करतात, कारण चुकीचा आकडा तसाच ठेवणं त्यांना चुकीचं वाटतं. सहलीच्या दोन दिवस आधी बाजारात कांदा ३० ऐवजी ४० रुपये किलो दिसला आणि लिंबू चार रुपयांवर आलेलं दिसलं, तर हात आपोआप खोडरबराकडे जातो. तो तिथेच थांबवायचा. शेजारी नवा रकाना आखायचा, ‘सुधारित अंदाज’, आणि नवा आकडा तिथे लिहायचा. पहिला आकडा खोडला की आपण कुठे चुकलो होतो याचा पुरावाच जातो.

देशाचं अंदाजपत्रकही याच पद्धतीने छापलं जातं. केंद्र सरकारच्या कागदपत्रांत एकाच पानावर मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि आधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असे रकाने असतात. २०२३-२४ साठी एकूण खर्चाचा मूळ अंदाज सुमारे ४५.०३ लाख कोटी रुपये होता, सुधारित सुमारे ४४.९० लाख कोटी झाला आणि प्रत्यक्ष खर्च सुमारे ४४.४३ लाख कोटींवर थांबला. मुलांना हे पान दाखवावं. आपल्या वहीतले रकाने तिथेही आहेत हे पाहून ती चकित होतात आणि मग खाडाखोडीचा हट्ट सुटतो.

सहलीच्या आठवड्यात नोंदींचं काम सुरू होतं. त्यात दोन माणसं वेगळी हवीत. पैसे ज्याच्याकडे, वही त्याच्याकडे नाही. एक मुलगी खजिनदार, डबा तिच्याकडे. दुसरा मुलगा रोजकीर्द लिहितो, म्हणजे त्या त्या दिवशी आलेला आणि गेलेला प्रत्येक रुपया. यात कोणावर अविश्वास नाही. डब्यातली रोकड आणि वहीतली शिल्लक एकमेकांना तपासू शकतात, त्या दोन वेगळ्या हातांत असतात म्हणूनच.

इथे हमखास दोन गोंधळ होतात. पहिला उचलीचा. खरेदीच्या गटाला बाजारात जाताना १,००० रुपये दिले, की लिहिणारा लगेच ‘खर्च १,०००’ असं मांडतो. पण ते पैसे अजून खर्च झालेले नाहीत, फक्त डब्यातून खिशात गेलेले आहेत. ती उचल आहे. गट परत येऊन पावत्या आणि उरलेली रोकड देतो तेव्हा खर्च लिहायचा आणि उचल मिटवायची. दुसरा गोंधळ पाण्याच्या जारांचा. दोन जारांचे ८० रुपये आणि ३०० रुपये अनामत. जार परत केल्यावर ३०० परत येतात, म्हणून अनामत खर्चात धरायची नाही. पण ते ३०० रुपये सहलीच्या दिवशी हातात नसतात, आणि रोकड कमी पडू शकते. खर्च नाही, तरीही पैसे अडकलेले, ही गोष्ट मुलांना प्रत्यक्ष अनुभवल्याशिवाय पटत नाही.

पावतीचं म्हणाल तर भाजीवाली पावती देत नाही आणि तिच्याकडे मागायचीही नाही. आपणच चिठ्ठी करायची. काय घेतलं, किती, कोणत्या दराने, कधी, आणि घेणाऱ्या दोघांच्या सह्या. चिठ्ठी मंडईतच लिहायची, घरी आल्यावर नाही. संध्याकाळपर्यंत टोमॅटोचा भाव आठवतो, कोथिंबिरीच्या जुडीचा आठवत नाही.

आता सहल झाली, असं समजू. दोन मुलं तापामुळे येऊ शकली नाहीत, त्यामुळे ३६ मुलं आणि दोन शिक्षक गेले. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी वही पूर्ण केली तर खर्च ८,२३० निघाला. जमा ८,५५० मधून तो वजा केला की डब्यात ३२० हवेत. मोजले तर ३१०. दहा रुपये कमी.

दहा रुपयांसाठी काय शोधायचं, असं म्हणून पुढे जाऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. चिठ्ठ्या एकेक करून वहीशी ताडून पाहायच्या. आपल्या वर्गाला सरबताच्या मिठाची दहा रुपयांची चिठ्ठी लिंबांच्या पिशवीत सापडली. नोंद झाली, खर्च ८,२४० झाला, रोकड जुळली. शोधूनही सापडले नाहीत, तर ‘दहा रुपयांचा मेळ लागला नाही’ असं स्वच्छ लिहायचं. खोटी ओळ तयार करून मेळ बसवणं हा या उपक्रमातला एकमेव अक्षम्य प्रकार.

मग तुलनेचं कोष्टक मांडलं, रुपयांत:

| बाब | अंदाज | प्रत्यक्ष | फरक |
|---|---|---|---|
| बस | ६,४०० | ६,६६० | २६० जास्त |
| भेळ | ९०० | ९६० | ६० जास्त |
| सरबत | ३०० | २६० | ४० कमी |
| पाणी | ८० | ८० | ० |
| केळी | २०० | १६० | ४० कमी |
| इतर सामान | २२० | १२० | १०० कमी |
| एकूण | ८,१०० | ८,२४० | १४० जास्त |

८,१०० च्या अंदाजात १४० चा फरक, म्हणजे शेकड्याला दोनाहूनही कमी. वर्गात टाळ्या होतात, आणि बहुतेक वर्ग इथेच थांबतात. थांबू नये. फरकांच्या रकान्याकडे पुन्हा पाहा. जास्त गेलेले आणि कमी लागलेले आकडे एकमेकांना खाऊन टाकतात. चुका जास्तीच्या की कमीच्या हे न पाहता फक्त त्यांचे आकार मिळवले, तर बेरीज ५०० होते. बेरीज जुळली ती अंदाज अचूक होता म्हणून नाही, उलटसुलट चुका भेटल्या म्हणून. पुढच्या वेळी सगळ्या चुका एकाच बाजूला पडल्या तर ४०० ची आकस्मिक ओळ पुरणार नाही.

भेळेच्या ओळीतही हेच दडलं आहे. वर फक्त ६० रुपये जास्त दिसतात. आत उघडून पाहिलं तर फरसाण १५० रुपयांनी जास्त, कांदा २० ने जास्त, टोमॅटो १० ने कमी आणि चटणी १०० ने कमी. चटणी कमी कशी लागली? एका मुलाच्या आईने ती घरून करून पाठवली, म्हणून खर्च शून्य. ही बचत नाही, ती देणगी आहे. वहीत ‘चटणी, अंदाजे १०० रुपये, भेट’ असं जमेत आणि खर्चात दोन्हीकडे लिहून ठेवायला हवं. ते लिहिलं नाही, तर पुढच्या वर्षीचा वर्ग ही वही पाहून चटणीसाठी शून्य धरेल आणि फसेल.

आणि फरसाण. अंदाज २ किलो, २०० च्या दराने ४००. प्रत्यक्ष अडीच किलो, २२० च्या दराने ५५०. हे १५० रुपये दोन तुकड्यांत फोडायचे. दुकानदाराने दर वाढवला एवढंच झालं असतं तर दोन किलोचे ४४० झाले असते, म्हणजे ४० रुपये दरामुळे. उरलेले ११० ज्यादा अर्ध्या किलोमुळे. पहिल्यावर मुलांचा इलाज नव्हता. दुसऱ्यावर होता. खरेदीच्या गटाला विचारलं तर ते म्हणाले, ‘कमी पडलं तर काय, म्हणून घेतलं.’ अर्धा किलोचं ते पाकीट मेणवलीहून न फोडता परत आलं होतं. म्हणजे वजनकाट्यावर केलेला अंदाज बरोबर होता आणि खरेदीने त्यावर विश्वास ठेवला नाही. फरक म्हटला की अंदाजच चुकला असं मुलं गृहीत धरतात, तो समज इथे मोडतो.

सरबतात उलटं झालं. लिंबू स्वस्त मिळालं म्हणून ओळ ४० रुपयांनी कमी दिसते, पण १५ लिंबं आणि जवळजवळ किलोभर साखर परत आली. जानेवारीत दुसरा पेला कोणी फारसा मागितलाच नाही. इथे खर्च कमी आणि अंदाज मात्र चुकलेला. म्हणून परत आल्यावर पैसे मोजण्याआधी उरलेला माल मोजायचा. तो मोजला नाही तर किती विकत घेतलं हे कळतं, किती लागलं हे कळत नाही.

सर्वांत मोठी चूक निघाली ती जिथे आकस्मिक रक्कम नको असं ठरलं होतं तिथे. बसचं भाडं ठरलेलं होतं, पण साताऱ्याहून वाईकडे जाताना महामार्गावर आणेवाडीचा टोलनाका लागतो, आणि टोल भाड्यात धरलेला नव्हता. जाण्यायेण्याचे २१० रुपये आणि गाडी उभी करण्याचे ५०. हा भावाचा फरक नाही, वजनाचाही नाही. ही ओळच कोणाला सुचली नव्हती. अशा चुकीला एकच उपाय आहे. भाडं विचारताना ‘यात डिझेल, टोल, चालकाचा भत्ता, पार्किंग सगळं आलं का?’ हे विचारायचं आणि उत्तर लिहून घ्यायचं.

शेवटचा वाद न आलेल्या दोन मुलांचा. त्यांनी २२५ रुपये दिले होते. सगळे परत करायचे? अर्धे? यावर वर्गाला बोलू द्यावं, अर्धा तास गेला तरी चालेल. बस ३६ मुलांना नेवो की ३८, भाडं ६,४०० च राहतं. आणखी चार मुलं गळली असती तर ६,४०० चा वाटा माणशी १६८ वरून १८८ वर गेला असता. तो भार आलेल्यांवर पडला असता. खाण्याचा खर्च मात्र माणसागणिक आहे. भेळ, सरबत, पाणी, केळी मिळून अंदाज १,४८० होता, ४० माणसांत ३७ रुपये. आपल्या वर्गाने ३७ रुपये परत द्यायचं ठरवलं. काही मुलं म्हणाली, फरसाण तर आधीच आणून झालं होतं, मग तेही का द्यायचे? मुद्दा खरा आहे. म्हणून परताव्याचा नियम अंदाजपत्रकावर सही करताना लिहून ठेवावा, कोण येणार नाही हे कळण्याआधी. ७४ रुपये परत गेले, २३६ उरले. त्यांचं काय करायचं, हेही वर्गच ठरवेल.

सातवीच्या वर्गशिक्षकांना एक विनंती. ही वही मुलांसोबत आठवीत जाऊ देऊ नका, पुढच्या सातवीला द्या. पहिल्या पानावर चार गोष्टी लिहून ठेवा. ३८ जणांना दोन किलो फरसाण आणि दीड किलो कुरमुरे पुरले. हिवाळ्यात २५ लिंबं पुरली. चटणी भेट मिळाली होती, खर्चात धरा. टोल वेगळा विचारा. वजनं आणि नग पुढच्या वर्षीही बरेचसे लागू पडतील. भाव मात्र जुन्या वहीतून उतरवू नका, ते बाजारात जाऊन नव्याने विचारावे लागतील.